ठेकेदारीचे वर्षं कोनी धरत नाही

आमच्या ह्यायची रेल्वेतली नोकरी पक्की झाली त्या दिवशी मी दारात रांगोळी काढली अन् लाइनीतल्या सगळ्या क्वार्टरायमंधी पेढे वाटले. तेव्हापासून आमच्या घरात नोकरी म्हनजे रेल्वेची नोकरी. त्याच्या आधी भिलाईत येऊन ह्यायनं जे केलं, ते नोकरीत जमा नाही. आमचंच नाही, अख्ख्या भिलाईत असंच आहे. कोनी विचारलं, "कितने साल हो गए आपको?" की मानूस पक्का झाला तिथून सांगते. त्याच्या आधी ठेकेदाराकडं हाडं झिजवले असन, ते तोंडातून काढत नाही. सासरच्या मानसायसमोर तर बिलकुलच नाही. ठेकेदारीचे वर्षं कोनी धरत नाही.

ह्या एका सवयीनं आमचं जवळपास अख्खं वर्ष खाल्लं. म्हनून सांगून राहिली. मी दुसरीपर्यंत शिकली, मले सजवून सांगता येत नाही. जसं झालं तसं सांगतो.

लग्न होऊन वर्ध्याकडून आमी इकडं आलो तेव्हा भिलाईत नुसतं बांधकाम. ह्यायले एका ठेकेदारानं ठेवलं. त्याचं काम म्हनजे जिथं बॉयलर बसे तिथं मानसं घेऊन जायचं अन् वाफेच्या पाइपायले बाहेरून लपेटा घालाचा, गरमी बाहेर जाऊ नये म्हनून. आज ह्या कारखान्यात, उद्या त्या मिलमंधी. बोऱ्यायमंधून सफेद रुईसारखा माल येये. बोरा ड्रममंधी उलटा करायचा, पानी टाकाचं, हातानं कालवाचं, जशी कनिक मळतो आपन. मंग पाइपाले थापाचं, वरून जाळी, वरून पट्टी. ॲस्बेस्टॉस म्हनत त्याले. ठेकेदाराचे मानसं "रुई"च म्हनत.

संध्याकाळी हे घरी येत तर भुवया सफेद, कानातले केस सफेद. मी हासे. म्हने, "या बुढेबाबा." तेव्हा पंचविशीतले होते हे. कपडे काढून मले देत. मी ते अंगनात झटके, भिंतीवर आपटे, मंग नळावर नेये. सगळी भुकटी-भुकटी उडे. तोंडावर पदर घ्याचा हे कोनाच्या मनात येईन? पिठाच्या गिरणीतला मानूसही सफेदच राह्यते.

त्या मालाची दोरीही येये. जाड, मऊ दोरी. तिचा एक तुकडा हे घरी घेऊन आलते. सिगडी लाल झाली की हे ती दोरी चिमट्यानं निखाऱ्यात धरत. सारी लाइन पाहाले जमे. दोरी लाल होये, बाहेर काढली की पुन्हा सफेद, जशीच्या तशी. "पाहा," हे म्हनत, "रावनाची लंकाही हिले जाळू शकत नाही." सगळे टाळ्या वाजवत. दोन-तीन वर्षं हे काम केलं. मंग रेल्वेत लागले, पार्सल ऑफिसात. दोरी कुठं गेली कोनास ठाऊक.

मंग काही झालं नाही. हेच तर मले अजून समजत नाही. पंचवीस वर्षं काहीच नाही. खोकला नाही, दमा नाही, बीडीले कधी हात लावला नाही. पार्सलचं वजन करायचं, चिठ्ठी लावाची, घरी याचं. भिलाई-तीन वस्तीत रेल्वेचं क्वार्टर, मांगं भाजी, समोर तुळस. पोरगा मोठा झाला, रसमड्याच्या एका कारखान्यात लागला. सून आनली नेहरू नगरातली, बाप ऑफिसात बाबू, घरी फ्रीज. नात झाली. ते पोट्टी जन्मली तेव्हापासून ह्यायच्या मांडीवरून उतरे नाही. हे ताटावर बसले की पोट्टी ह्यायच्या मांडीत, ह्यायच्या गिलासातलं पानी पेये, ह्यायच्या हातचा वरन-भात खाये. आईनं भरवला तर थुंकून टाके. सून मले म्हने, "आई, बाबांनी हिला पार बिघडवलं." मी म्हनलं, "माझ्या पोराले तर कधी मांडीवर घेतलं नाही. आता घेऊन राह्यले तर घेऊ दे."

पोट्टी तीनेक वर्षाची असन तेव्हा हे एक दिवस स्टेशनच्या पुलावर मधातच थांबले. मी मांगं होती, हातात भाजीची थैली. म्हनलं, "कावून थांबले?"

"काही नाही. गाडी पाहून राह्यलो."

गाडी कुठं होती? खाली रिकाम्या पटऱ्या. जिंदगी रेल्वेत काढलेला मानूस गाडी पाहाले थांबन? तेव्हाच मले समजलं, दम लागला, पन हे कबूल करन तर ना. मंग उजव्या कुशीत जड-जड वाटे, जसं कोनी आतून पाट्याचा दगड ठेवला. रात्री उजव्या कुशीवर झोपनं बंद झालं.

दुर्गच्या डॉक्टरानं फोटो काढला. म्हनला, फेफड्याच्या बाहेर पानी भरलं. पाठीतून सुई टाकून पानी काढलं. बाटली भरली. मी पाह्यलं, लालसर होतं, जसं बीट धुतल्याचं पानी. डॉक्टरानं विचारलं, "बीड़ी पीते हो?"

"नहीं साहब."

"सच बोलो."

"अहो नाही पीत," मी म्हनलं. त्यानं माझ्याकडं असं पाह्यलं की जशी मीच दोन बंडल रोज पेतो.

मंग विचारलं, "काम क्या करते हो?"

"रेल्वे में हूँ साहब. पार्सल ऑफिस."

"कब से?"

ह्यायनं पक्के झाले तेव्हापासूनचे वर्षं सांगतले. छाती काढून सांगतले. डॉक्टरानं मान हालवली, लिहून घेतलं. पार्सल ऑफिसात कोनती हवा वाईट राह्यते? काहीच नाही. झालं. पानी तपासाले गेलं, त्यात ना टीबीचे जंतू मिळाले ना दुसरं काही. तरी डॉक्टर म्हनला, "अपने यहाँ छाती में पानी मतलब टीबी ही होता है ज़्यादातर. दवा चालू करो." त्याचंही काय चुकलं म्हनू? आमच्याच लाइनीत टीबीचे किती होते. पन दवा चालू झाली अन् माझं घर मोडलं.

पयल्याच आठवड्यात ह्यायची लघवी केशरी झाली. त्या गोळीनं होते म्हने. हे घाबरून मले हाक मारून राह्यले. अन् त्याच आठवड्यात सुनेनं ह्यायचं ताट, वाटी, गिलास येगळा काढला. सारे भांडे स्टीलचे, सारखेच, म्हनून तिनं नखाच्या पालिशनं ह्यायच्या गिलासाले अन् ताटाले लाल ठिपका लावला. हे पाहून राह्यले होते. मी बोलली. म्हनलं, "अवं, डॉक्टरानं तसं काही सांगतलं का?"

"आई, लहान लेकरू आहे घरात."

तिले मी दोष नाही देत. माझी पोरगी असती तर मीही तिले हेच सांगतलं असतं. महिनाभरानं तिची माय आली अन् लेकीले अन् नातीले नेहरू नगरात घेऊन गेली. "दवाई संपेपर्यंत," म्हने. जाताना पोट्टी ह्यायच्याकडं झेपावली तर आजीनं हात धरून मांगं ओढलं. पोट्टी किंचाळली. हे आतल्या खोलीत गेले अन् दार लावून घेतलं.

नेहरू नगर कितीसं दूर? सायकलनं गेलं तर चहा थंडा नाही होत. पन आमच्यासाठी ते मुंबईपेक्षा दूर झालं. पोरगा रसमड्यावरून सुटून आधी तिकडं जाये, मंग घरी येये. हे रोज विचारत, "काय बोलली आज?" पोरगा सांगे, आज हे म्हनली, आज ते म्हनली. अर्धं तर मनानंच बनवून सांगे, मले समजे. हे म्हनत, "दवाई संपू दे." साऱ्या गोष्टीचं एकच उत्तर. दवाई संपू दे.

दवाई खाता-खाता पानी पुन्हा भरलं. पुन्हा काढलं. पुन्हा भरलं. मी डॉक्टराले विचारलं, टीबी आहे तर दवाईनं कमी कावून होऊन नाही राह्यलं? तो म्हने, "टाइम लगता है अम्मा." मंग म्हने, दवा नीट घेत नसन. मी रोज आपल्या हातानं गोळ्या दिल्या, जीभ उचलून पाह्यली! वजन उतरत गेलं. दुखनं वाढलं, उजवी छाती डाव्या छातीपेक्षा लहान दिसाले लागली, श्वास घेतला तर ते बाजू हालेच नाही. मी रोज पाठीले तेल लावे, मले हाताले समजे. मी सांगतलं तर डॉक्टर म्हनला, कमज़ोरी है.

शेवटी पोराले मी म्हनलं, "आता मी ह्यायले नागपूरले नेतो. तू सुट्टी घे नाहीतर मी एकटी नेतो." मी कधी एकटी टेशनच्या पलीकडं गेली नव्हती. पोरानं सुट्टी घेतली.

नागपूरले छातीच्या दवाखान्यात एक डॉक्टरीन बाई होती. केस पिकलेले, चष्मा दोरीले बांधलेला. तिनं जुने फोटो एकापाठी एक उजेडासमोर धरले. नवा मोठा फोटो काढाले लावला, त्या गोल मशिनीत घालून. मंग ह्यायले समोर बसवलं अन् विचारलं, "काम काय करता?"

"रेल्वेत. पार्सल ऑफिस."

"त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी काही नाही."

"काही नाही म्हणजे? लग्न झालं तेव्हा काय खात होतात, हवा?"

मले हासू आलं. हे चिडले. "ते काही नोकरी नव्हती मॅडम. ठेकेदारीत होतो. ते कोनी धरत नाही."

"मी धरते. काय करत होतात?"

हे माझ्याकडं पाहाले लागले. जसा चोरीचा माल दाखवाचा आहे. मीच म्हनलं, "पाइपायले रुई लावत."

"रुई? कसली रुई?"

"ते ॲस्बेस्टॉसची," हे हळूच म्हनले.

बाईनं पेन खाली ठेवला. खोलीत आमी तिघं, दारात पोरगा. मंग तिनं एक-एक विचारलं. बोरे कोन फोडे? हे. सुका माल उडे का? उडे. तोंडाले फडकं? नाही. बंद जागा होती का? बॉयलरच्या मांगं, जिथं एकच मानूस मावे. कपडे कुठं धुवत? मी हात वर केला, जशी शाळेतली पोरगी. बाईनं माझंही नाव कागदावर लिहून घेतलं.

मले राग आला. म्हनलं, "पन बाई, त्याले पंचवीसच्या वर वर्षं झाले. तेव्हाच काही होतं तर तेव्हाच नसतं झालं का? तिखट नाकात गेलं तर तेव्हाच शिंक येते."

"हे तिखट नाही," ती म्हनली. "ह्याचे तंतू इतके बारीक असतात की दिसत नाहीत. श्वासातून आत जातात, फुफ्फुसाच्या बाहेरच्या आवरणापर्यंत पोचतात आणि तिथंच राहतात. शरीराला ते विरघळवता येत नाहीत, बाहेर काढता येत नाहीत. वीस वर्षं, तीस वर्षं, कधी चाळीस वर्षं माणूस ठणठणीत राहतो. आणि मग एक दिवस पाणी भरतं."

मले ते सिगडीतली दोरी आठवली. निखाऱ्यात लाल होऊन सफेदच्या सफेद बाहेर येये ते. जे आगीत नाही जळलं ते मानसाच्या छातीत कसं विरघळन?

बाईनं टेबलावरचा कागद घेऊन काढून दाखवलं. मले समजे ना तर म्हनली, "शेंगदाणा सोलता ना? दाण्यावर लाल साल असते, पातळ. तसं फुफ्फुसावर आवरण असतं. दुसरं तसंच आतून बरगड्यांना. दोघांच्या मधे हे पाणी. तुमच्या मिस्टरांचं ते साल जाड झालंय, गाठीगाठीचं. त्यानं फुफ्फुसाला आवळून धरलंय."

"म्हनजे टीबी नाही?" हे म्हनले. इतक्या महिन्यात पयल्यांदा ह्यायचा आवाज वर गेला.

"मला तसं वाटत नाही. पण वाटणं वेगळं. टीबीनंही आवरण जाड होतं, दुसऱ्या कॅन्सरनंही होतं. फोटो पाहून मी सांगू शकत नाही, पाणी तपासून बहुतेक वेळा पक्कं कळत नाही. त्या सालीचा तुकडा काढून पाहावा लागेल."

कॅन्सर शब्द तिथं पयल्यांदा निघाला. पोरगा दाराले धरून उभा राह्यला. अन् हे? हे तो शब्द ऐकूनच नाही राह्यले. ह्यायच्या कानात एकच गेलं, टीबी नाही. माझा असा जीव जळला! म्हनलं, हा मानूस येडा झाला का.

टीबीच्या गोळ्या बाईनं बंद केल्या अन् पयला तुकडा सुईनं काढला. ह्यायले स्टुलावर बसवलं, समोर उशीवर हात ठेवाले लावले, पाठ बधिर केली. दोन बरगड्यायच्या मधातून आकडीवाली जाड सुई टाकून आतली साल खरवडून काढली. डाळीच्या दान्याएवढे तुकडे. हे "स्स" नाही म्हनले. मी बाहेर उभी राहून दातात पदर धरला.

आठवड्यानं रिपोर्ट आला. त्यात काहीच नाही. नुसती सूज, म्हने. टीबीची निशानी नाही, कॅन्सरची निशानी नाही.

तिकडं भिलाईले पोरानं फोनवर सांगतलं तर सुनेची माय म्हनली, "काहीच निघालं नाही म्हणजे टीबीच असेल. दवाई का थांबवली?" घ्या! मी नागपूरच्या त्या व्हरांड्यात बसून रडली नाही, मी भांडली. डॉक्टरीन बाईशी भांडली. म्हनलं, "बाई, दुर्गचा डॉक्टर म्हने पान्यात काही नाही, तुमी म्हनता तुकड्यात काही नाही, मंग ह्यायच्या छातीत आहे तरी काय? भूत?"

बाई चिडली नाही. म्हनली, "सुई आंधळी असते, आजी. घराच्या एका कोपऱ्यातून चिमूटभर धूळ आणली आणि त्यात उंदीर सापडला नाही, म्हणून घरात उंदीर नाही असं होत नाही. आता छोटं ऑपरेशन करू. डोळ्यांनी बघून, जिथं जाड आहे तिथून मोठे तुकडे घेऊ."

मले त्या वयात कोनी आजी म्हने नाही. पन बाई खरं बोलून राह्यली होती.

ह्यायले भूल दिली. बरगड्यायच्या मधातून चिरा देऊन आत पाह्यलं. नंतर बाईनं मले सांगतलं की साल सगळी सफेद अन् कडक होती, जाग्याजाग्यावर दाने आलते, फेफडा त्याच्यात अडकला होता. चार-पाच ठिकानचे तुकडे घेतले. छातीत नळी ठेवली, नळी बाटलीत. हे त्या बाटलीकडं पाहून म्हनत, "पार्सल निघालं." नर्सा हासत.

तुकडे आधी नागपुरातच पाह्यले. पाहानाऱ्या डॉक्टरानं म्हनलं, कॅन्सर तर आहे, पन हा सालीचाच आहे की फेफड्यातला येऊन सालीवर बसला, हे ठरवाले येगळे रंग लावून पाहा लागते. तुकडे मुंबईले धाडले. म्हनजे पुन्हा थांबा. मी काय म्हनू? तोवर छातीत नळी, अंगात ताप, दुखन्यानं रातभर बसून राहनं. मी मनातल्या मनात त्या मुंबईच्या डॉक्टराले शिव्या देये. इतके दिवस रंग लावाले लागते? घर रंगवून राह्यला का?

मंग रिपोर्ट आला. बाईनं आमाले बसवलं अन् नाव सांगतलं. मेसोथेलिओमा. मी ते नाव पोराकडून दहा येळा म्हनून घेतलं, तरी माझ्या जिभेवर नाही बसलं. मंग त्यानं चिठ्ठीवर लिहून दिलं, मी वाचून-वाचून पाठ केलं. आता झोपेतून उठवलं तरी म्हनतो. ज्या गोष्टीनं मानूस नेला तिचं नाव तरी नीट घेता आलं पायजे.

"सालीचाच कॅन्सर," बाई म्हनली. "आता शंका नाही. तुकड्यानं आजाराचं नाव पक्कं केलं. आणि कारण तुम्ही सांगितलंत."

"इलाज?" पोरानं विचारलं.

बाईनं खोटं नाही सांगतलं. काढून टाकता येईन असं राह्यलं नाही म्हनली. पानी काढू, दुखन्याची दवा देऊ, श्वासाले जितका आराम देता येईन तितका देऊ. महिनेच, वर्षं नाही.

हे ऐकत होते. मंग म्हनले, "मॅडम, एक सांगा. हे कोनाले लागते का?"

"म्हणजे?"

"म्हनजे ताटातलं खाल्लं, गिलासातलं पेलं, मांडीवर बसलं. लहान लेकराले."

बाईनं चष्मा काढला. "नाही," म्हनली. "कोणालाच लागत नाही. कधीच लागत नव्हता."

अन् हे हासले हो. मले पाहून, पोराले पाहून हासले, जसे आता पास झाले. मले असं वाटलं की उठावं अन् ह्यायच्या थोबाडीत एक द्यावी. मराचं कळलं अन् हा मानूस हासून राह्यला! गाडीत मी ह्यायच्याशी बोलली नाही. गोंदियापर्यंत खिडकीतून बाहेर पाहून राह्यली. गोंदियाले हे म्हनले, "चहा घे."

"नको."

"अवं घे. टीबीवाल्याच्या पैशाचा नाही."

मंग मी घेतला. काय करू?

बाईनं जाताना मलेही सांगतलं होतं, तुमचाही फोटो दर वर्षी काढा. अन् एक कागद लिहून दिला होता, सुनेसाठी, की हा रोग लागत नाही. पोरगा तो कागद घेऊन उतरल्या-उतरल्या नेहरू नगरात गेला. घरी सांगतलं तर लाइनीतले लोक वर आपल्या छपराच्या ॲस्बेस्टॉसच्या चादरी, म्हनजे पत्रे, पाहाले लागले. एक जन विचाराले आला, "चाची, हमारा तो छप्पर ही उसका है." बाईले विचारलं होतं ते मी सांगतलं: छपरावर बसवलेली चादर गुमान राहू दे, तिले कापू नको, घासू नको, फोडू नको. भुकटी उडते तेच वाईट. तो तरी घाबरतच गेला.

कामाचा काही दाखला मिळते का म्हनून पोरानं ठेकेदाराकडं चक्कर मारून पाह्यली. ठेकेदार मरून गेलता, त्याचा पोरगा टायरचं दुकान चालवे. म्हने, "हमको क्या मालूम, कौन था कौन नहीं." ज्या वर्षायनं जीव घेतला ते कुठंच नव्हते. ना रेल्वेत, ना ठेकेदाराकडं. ह्यायच्या छातीत होते तेवढे. अन् त्या टोळीतला ह्यायचा एक जोडीदार राजनांदगावकडं दोन वर्षं आधी "टीबीनं" गेलता. त्याले कोनी नागपूरले नेलं नव्हतं. तो कशानं गेला ते आता कोन सांगन? मी त्याच्या बायकोले निरोप धाडला, तुमी फोटो काढून घ्या म्हनून. तिचं उत्तर नाही आलं.

दुसऱ्या दिवशी सून आली. कागद वाचला होता तिनं. दारात उभी राह्यली, मान खाली. मी म्हनलं, "ये बाई, रांगोळी काढू का आता?" तिच्या डोळ्यात पानी आलं तर मले वाईट वाटलं. पोट्टी तिच्या कमरेवर.

हे पलंगावर उशीले टेकून बसले होते, दाढी करून, धुतलेला सदरा घालून. सकाळपासून तयार. दोन्ही हात पुढं केले. "ये वं माय."

अन् पोट्टीनं तोंड फिरवलं. आईच्या खांद्यात घुसली. वर्ष होत आलतं. ह्यायचे गाल बसलेले, नाकाची हाडं वर आलेली, श्वासाचा आवाज सूं-सूं. तिले हा मानूस कोन ते ओळखू येये ना. ते रडाले लागली, "घर चलो, घर चलो." हिंदीतून. नेहरू नगरात शेजारच्या लेकरायसंगं खेळून मराठी विसरून आली.

ह्यायचे हात तसेच राह्यले. मंग हळूहळू मांडीवर आले. हे माझ्याकडं पाहून म्हनले, "राहू दे. जबरदस्ती नको करू." मी मोरीत गेली अन् नळ सोडून उभी राह्यली. त्या येळी मले कोनाचाच राग पुरा पडे ना. दुर्गच्या डॉक्टराचा, ठेकेदाराचा, सुनेच्या मायचा, मुंबईच्या रंगाचा, सगळ्यायचा करून पाह्यला. पुरला नाही.

सून दोन दिवस राह्यली. पोट्टी दारातून पाहे, पळून जाये. तिसऱ्या दिवशी दुपारी मी जेवन वाढलं. लाल ठिपक्याचं ताट मी घासून-घासून साफ केलं होतं, पन गिलासाचा ठिपका निघेच ना. मी ह्यायच्यासमोर दुसरा गिलास ठेवला. ठिपक्याचा मांडणीवर खाली ठेवला, मंग बोहारणीले देऊन टाकू म्हनून.

पोट्टी मांडणीजवळ गेली. तिनं तो गिलास काढला. "लाल बिंदीवाला," म्हनली. "मेरा."

सून धडपडली. सवय गेली नव्हती तिची. मी हात धरला तिचा, घट्ट धरला. पोट्टी गिलास घेऊन ह्यायच्या ताटाजवळ आली, पुढं केला. "पानी."

ह्यायनं तांब्या उचलला. अर्धं पानी ताटात सांडलं. तिनं दोन घोट पेले अन् गिलास ह्यायच्यासमोर धरला, "अब आप पियो." हे पेले. मंग ते ताटाच्या काठाजवळ बसली, मांडीवर नाही. मांडीले टेकून. ह्यायनं वरन-भाताचा घास केला. तिनं तोंड उघडलं.

हे पावसाळ्याच्या आधी गेले. तोवर तो घास रोज चालला. कधी हे पड्या-पड्याच भरवत, मी ताट धरून ठेवे.

मी दर वर्षी फोटो काढाले जातो. माझ्याही सालीवर एका ठिकानी जुना डाग आहे, चुन्याच्या थेंबासारखा. वाढला नाही आजपर्यंत. डॉक्टर दर वर्षी नवा राह्यते, अन् कागदावर लिहाले विचारते, "माताजी, क्या काम करती हो?" आधी मी म्हने, घरकाम. आता मी खुर्ची ओढून बसतो. म्हनतो, "बेटा, पेन ठेव. आधी ऐकून घे. लग्न झाल्यापासून सांगतो."